सकाळी यादी द्या: धनकवडीतल्या एका वह्यांच्या दुकानासाठी यमक जुळवताना

मे महिन्याचा पहिला आठवडा म्हणजे वह्यांच्या धंद्यात उशीरच. सीबीएसईच्या बऱ्याच शाळा एप्रिलमध्येच सुरू झालेल्या असतात, तो हंगाम हातचा गेलेला असतो. राहतो तो राज्य मंडळाच्या शाळांचा जून. पुण्याच्या धनकवडीतलं हे दुकान मुख्य रस्त्यापासून दोन गल्ल्या आत आहे, दहा बाय चौदा फुटांचं. मालक, त्यांची बायको आणि अकरावीतली मुलगी असे तिघे ते चालवतात. चालत जाण्याच्या अंतरावर एक मराठी आणि एक इंग्रजी माध्यमाची शाळा आहे. मालकांची मागणी साधी होती: "पाटीवर एक यमकातली ओळ पाहिजे, लोकांच्या तोंडात बसेल अशी. आणि स्वस्त आहे हे कळलं पाहिजे."

पुण्यात या धंद्याला एक कायमचा प्रतिस्पर्धी आहे, अप्पा बळवंत चौक. आईबाप वर्षभर कोपऱ्यावरच्या दुकानातून पेन घेतील, पण जूनची मोठी खरेदी निघाली की गाडी पेठेकडे वळते. तिथे दहा दुकानं शेजारी शेजारी, भाव करता येतो, पुस्तकं आणि वह्या एकाच फेरीत होतात. दुसरा प्रतिस्पर्धी मोबाइल. म्हणजे नुसतं 'आमच्याकडे वह्या मिळतात' म्हणून काही होणार नव्हतं, ते सगळ्यांना माहीतच होतं.

एक गोष्ट मात्र दुकानाच्या बाजूने होती. राज्य मंडळाच्या पाठ्यपुस्तकांतच वहीची पानं जोडण्याचा प्रयोग २०२३-२४ मध्ये सुरू झाला आणि २०२५ मध्ये तो मागे घेतला गेला. मधल्या काळात मराठी शाळेच्या यादीतल्या वह्या कमी झाल्या होत्या, त्या परत वाढतायत, असं मालकांचं निरीक्षण होतं. रविवार पेठेतून त्यांनी त्या हिशेबाने माल भरूनही ठेवला होता.

मुलीने घरीच काही ओळी करून ठेवल्या होत्या. वहीच्या शेवटच्या पानावर, पेन्सिलीने. पहिलीच होती:

स्वस्त आणि मस्त, वह्या जबरदस्त

यमक चोख आहे. पण हे यमक साड्यांच्या सेलला लागलेलं असतं, वडापावच्या गाडीला लागलेलं असतं, मोबाइल कव्हरवाल्यालाही लागलेलं असतं. वाचणाऱ्याचा डोळा त्यावरून घसरतो. दुसरी होती:

वही घ्या, पेन घ्या, हसत हसत शाळेत या

ही म्हणायला गोड. बालवाडीच्या स्नेहसंमेलनात चालेल. पण दुकान कुठलं, इथेच का यायचं, यातलं काहीच ती सांगत नाही. तिसरी मला जास्त महत्त्वाची वाटली, कारण तिच्यात चूक कुठे होते ते स्वच्छ दिसत होतं:

वही तुमची, कव्हर आमचं, नाव लिहा बाळाचं

इथे जुळलंय ते फक्त 'चं'. मराठीत प्रत्ययाचं यमक फुकटात मिळतं. 'शाळेला-वहीला', 'दुकानात-गल्लीत', 'आमचं-बाळाचं' अशा जोड्या कितीही पाडता येतात, आणि कान ते ओळखतो. प्रत्यय काढून टाकला की 'आम' आणि 'बाळा' उरतात, त्यांचं एकमेकांशी काही नातं नाही. म्हणून अशी ओळ ऐकताना जुळल्यासारखी वाटते, पण दहा मिनिटांनी आठवायला गेलं तर हाती लागत नाही.

मी अशा कामात एकच चाळणी आधी लावतो. ओळीतले फक्त यमकाचे शब्द वेगळे काढायचे आणि तेवढेच वाचायचे. त्या दोन शब्दांतून दुकानाचा व्यवहार कळतो का? 'स्वस्त-मस्त-जबरदस्त' मधून कळत नाही. 'घ्या-या' मधून तर कुठलंही दुकान निघेल. माणसाच्या लक्षात सगळ्यात घट्ट काय राहतं, तर यमकाची जागा. तिथे आपण भरतीचा शब्द बसवला, तर आपली सगळ्यात महागाची जागा रिकामी गेली.

त्यामुळे यमक शोधण्याआधी दुकानाकडे खरोखर सांगण्यासारखं काय आहे ते खोदावं लागलं. मालक 'क्वालिटी' आणि 'सर्व्हिस' या दोन शब्दांपलीकडे जाईनात. त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, मात्र सहज सांगितलं की मागच्या जूनमध्ये काही आया कामावर जाताना शाळेची यादी काउंटरवर ठेवून जायच्या आणि परत येताना भरलेली पिशवी घेऊन जायच्या. "त्यांना इथे अर्धा तास थांबायला वेळच नसतो हो. एकीने तर यादीला सुटे पैसेच टाचून दिले होते."

इथेच काम निम्मं झालं. पेठेत तुमची यादी ठेवून घेऊन संध्याकाळपर्यंत माल काढून ठेवणारं कोणी असलं, तरी धनकवडीच्या बाईला त्यासाठी दोनदा पेठेत जावं लागेल. ही गोष्ट फक्त वाटेवरचं दुकानच करू शकतं. आणि तिच्यात बचतही आहे, फक्त ती खिशाची नाही, वेळेची आहे.

पण मालकांचं मन 'स्वस्त'वर अडलं होतं आणि त्यात गैर काही नव्हतं. मुख्य गिऱ्हाईक घरकाम करणाऱ्या बायका, रिक्षावाले, छोट्या कंपन्यांतले कामगार. दोन मुलांच्या वह्यांचा खर्च एकदम अंगावर येतो तो जूनमध्येच. त्यांनी सुचवलं, "पेठेचाच भाव इथे, असं काहीतरी टाका." मी म्हटलं, आधी बघू. मुलगी पेठेत जाऊन यादीतल्या नेहमीच्या पाच वस्तूंचे भाव लिहून आली. साध्या वह्या आणि खाकी कव्हरचा रोल दुकानात स्वस्त निघाला, कारण माल थेट ठोकातून येतो. कंपास पेटी सारखीच. नामांकित कंपनीची लाँग बुक आणि रंगपेटी मात्र पेठेत काही रुपयांनी कमी. म्हणजे सरसकट 'पेठेचा भाव' हे खोटं ठरलं असतं, आणि तेही अशा लोकांसमोर ज्यांना पाच रुपयांचा फरक पाठ असतो. 'पुण्यात सर्वांत स्वस्त' तर सोडूनच द्या. जे सिद्ध करता येत नाही ते जाहिरातीत लिहिणं २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल ठरू शकतं. कायदा बाजूला ठेवला तरी गल्लीतली एखादी आजी ते दोन मिनिटांत सिद्ध करून दाखवते.

मग भावाची ओळ फक्त साध्या वह्यांपुरती करायची ठरली. तिथे दावा खरा होता. या वह्यांच्या कव्हरवर कार्टून नाही, नट नाही, चकाकी नाही. तेवढाच पैसा वाचतो. पहिला मसुदा असा झाला:

साधं कव्हर, जाड पान, खिशाला नाही ताण

दोन ठिकाणी अडलं. 'पान' आणि 'ताण' हे यमक नाही, न आणि ण वेगळे आहेत. बोलताना अर्धं पुणं ते एकच म्हणत असेल, पण पाटीवर लिहिलं की उरलेलं अर्धं पुणं दुकानात येऊन ते सांगेल, आणि वही न घेता जाईल. दुसरी अडचण मोठी होती. पान जाड नव्हतंच. गठ्ठ्यावर कागदाचं वजन ५४ जीएसएम छापलेलं होतं. शाईपेनने लिहून पान उलटलं तर मागे अक्षरं दिसत होती. जेल पेनचंही तेच. बॉलपेनला ठीक. असलं पान जाड म्हणून विकलं तर पहिल्याच आठवड्यात वह्या परत येतात.

तेव्हा शेवट बदलला आणि विशेषणही:

साधं कव्हर, कोरं पान,
वही मोठी, किंमत लहान

मोठी आणि लहान एकमेकींसमोर आल्या की ओळ आपोआप म्हटली जाते. 'पान-लहान' हे यमकही खरं, दोन्हीकडे 'आन' आणि शेवटचा अ बोलताना गळालेला. मला ही आवडली होती. वहिनींनी ऐकली आणि लगेच म्हणाल्या, "कोरं नको. लोक विचारतील, रेघांच्या नाहीत का?" वह्यांच्या दुकानात कोरी म्हणजे बिनरेघी. एकरेघी, दुरेघी, चाररेघी, चौकटी आणि कोरी, अशी ती रांग आहे. न वापरलेलं, ताजं, असा कवितेतला 'कोरं' इथे कुणाच्या डोक्यात येणार नाही. दुकानाची भाषा दुकानात बसणाऱ्याला जास्त कळते. शब्द बदलून 'पांढरं' केला:

साधं कव्हर, पांढरं पान,
वही मोठी, किंमत लहान

हे डोळ्यांनी तपासता येतं, कागद खरंच पांढरा होता, पिवळट नव्हता. आणि योगायोगाने वजनही सुधारलं. मात्रा मोजल्या तर चार तुकडे आठ, आठ, सात, आठ असे पडतात, म्हणून टाळी देत म्हणता येते. मी आधी मोजून लिहीत नाही. आधी म्हणून बघतो, अडखळलो तर मोजतो.

'वही मोठी' बद्दल एक अट मात्र घालून घेतली. ही ओळ ज्या फळीवर लागेल तिथे फक्त मोठ्या आकाराच्या, जास्त पानांच्या वह्या राहतील. गिऱ्हाईक 'दोनशे पानी' मागतं, पण हल्ली वहीवर बघितलं तर १७२ किंवा १८० पानं छापलेली असतात. सवयीने दोनशे म्हणून विकणं सगळीकडे चालतं. पण ज्या वहीखाली आपण भावाचं यमक लावणार, तिथल्या चिठ्ठीवर पानांचा खरा आकडा आणि त्याखाली किंमत, एवढं तरी असायला हवं. यमकामुळे लोक जवळ येऊन वाचतात, आणि जवळ आल्यावर आकडाही वाचतात.

ही ओळ मुख्य पाटीवर का नाही लावली, याचं कारण सांगतो. मालकांना ती पिशव्यांवरही छापायची होती. पण ती पिशवी शेवटी मुलाच्या हातात शाळेत जाते, डबा ठेवायला वापरली जाते. सातवीतल्या पोराला 'किंमत लहान' लिहिलेली पिशवी वर्गात नको असते, त्यापेक्षा तो वहीच दुसरीकडून आणायचा हट्ट धरेल. कमी भाव ही गोष्ट आईला फळीजवळ सांगायची असते, पोराच्या हातून गावभर नाही. म्हणून भावाची ओळ आत, वह्यांच्या फळीवर. बाहेरच्या पाटीवर सोय.

पुणेरी पाटीचाही मोह झाला होता. मालकांचे एक मित्र येऊन 'घासाघीस करणाऱ्यांनी' वगैरे सुरुवात करून गेले. ती चव मला आवडते, पण त्या विनोदात गिऱ्हाईकच मार खातं. पेठेतल्या जुन्या दुकानाला तो शोभतो, कारण तिथे लोक तो ऐकायलाच जातात. महिनाअखेरीला पैसे मोजून वह्या घ्यायला आलेल्या बाईला नाही शोभत.

आता पाटीची ओळ. सुरुवात अशी झाली:

यादी द्या, चहा घ्या, भरली पिशवी घरी न्या

तिहेरी यमक, म्हणायला फार मजा. मालक खूश झाले आणि मग हिशेब करायला लागले. जूनच्या शनिवारी शे-सव्वाशे चहा पाजणार कोण? आणि खरं म्हणजे ओळीचा अर्थच उलटा होत होता. चहा घ्या म्हणजे थांबा. आपल्याला तर सांगायचं होतं की थांबू नका. यमकासाठी आलेला शब्द हा असाच असतो, गोड बोलत आत येतो आणि मुद्दा हलवून जातो. चहा काढला, वेळ आणली:

सकाळी यादी द्या,
संध्याकाळी पिशवी न्या

चाळणी लावून बघा. यमकाचे शब्द 'द्या-न्या'. तुम्ही द्या, तुम्ही न्या, मधलं काम आमचं. दुकानाचा सगळा व्यवहार त्या दोन अक्षरांत आला. मुलीच्या 'घ्या-या' मध्येही क्रियापदंच होती, पण ती कुठल्याही दुकानाला लागू होती. शिवाय ओळींच्या सुरुवातीला 'सकाळी-संध्याकाळी' जुळतं, म्हणजे ओळ दोन्ही टोकांना शिवलेली आहे.

मग ती कानावर तपासली. कागदावर दाखवून लोकांना 'आवडली का' विचारण्यात अर्थ नसतो, सगळे छान म्हणतात. आम्ही असं केलं: वहिनी ओळखीच्या गिऱ्हाइकांना सामान बांधता बांधता ओळ एकदाच म्हणून दाखवायच्या, मग पैसे, सुटे, इकडचं तिकडचं बोलणं, आणि निघताना विचारायच्या, "मगाशी काय म्हटलं होतं मी?" लोक ओळ विसरतात की नाही हे कळतंच, पण त्याहून उपयोगाचं म्हणजे ती बदलून कशी सांगतात हे कळतं. ज्या शब्दावर जीभ घसरते तो शब्द कच्चा.

इथे एकच शब्द घसरत होता, आणि बहुतेकांचा एकाच दिशेने. ते म्हणत होते, "सकाळी यादी द्या, संध्याकाळी वह्या न्या."

मी दोनदा ऐकलं आणि माझी ओळ खोडली. 'पिशवी'त दुकान कशाचं आहे ते नव्हतं, किराणावालाही तेच म्हणू शकला असता. 'वह्या'त आहे. शिवाय द्या, वह्या, न्या असा 'या'चा तिसरा ठोका मिळाला, तोही मालाच्या नावातलाच. वर आणखी एक लफडं टळलं. 'पिशवी न्या' वाचून दोघांनी विचारलं होतं, पिशवी फुकट का? यादीत कंपास, पट्टी, खोडरबर, चित्रकलेची वही हेही असतं, मग नुसत्या वह्या म्हणणं अपुरं नाही का, असं मालकांना वाटलं. पण बोलताना लोक सगळ्या खरेदीला 'वह्या आणायच्यात' असंच म्हणतात.

पाटी करताना तीन गोष्टी बघाव्या लागल्या. दुकानाच्या नावाची पाटी मराठीत, देवनागरीत आणि दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत असणं २०२२ च्या दुरुस्तीनंतर राज्यात बंधनकारक आहेच, तेव्हा नाव ठळक, वरच्या ओळीत. यमक त्याच्या खाली. नावाशी यमक जुळवायचा हट्ट आम्ही धरला नाही, देवाच्या नावाचं दुकान, त्याला जुळवायला गेलो की आरती होते.

अक्षरांची उंची हा दुसरा मुद्दा. पाट्यांच्या धंद्यात दहा फुटांना एक इंच असा ढोबळ हिशेब धरतात. गल्ली ओलांडून, म्हणजे साधारण तीस फुटांवरून वाचायचं तर तीन इंच. पण देवनागरीत त्या उंचीतला बराच भाग वेलांट्या, मात्रा आणि उकार खातात, म्हणून तीन इंच शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजायचे, वेलांटीच्या टोकापासून नाही. एवढ्या आकारात दोन ओळी दहा फुटांच्या पाटीवर आरामात बसल्या. चार ओळींची कविता असती तर बसली नसती, आणि स्कूटरवरून कोणी वाचलीही नसती.

तिसरी गोष्ट डिझाइनवाल्याकडून पहिला नमुना आला तेव्हा दिसली. त्याने जागेच्या सोयीने ओळ तीन ठिकाणी तोडली होती. 'सकाळी यादी', खाली 'द्या, संध्याकाळी', आणि तिसऱ्या ओळीत 'वह्या न्या'. यमक मेलं. द्या आणि न्या एकाखाली एक यायलाच हवेत, डोळ्यालाही ते जुळलेले दिसायला हवेत. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेला मजकूर त्याच्या जुन्या, देवनागरी अक्षरं नीट न जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवताना फुटला होता. 'द्या'चं जोडाक्षर सुटून पाय मोडलेला द आणि या वेगळे पडले होते. भावाच्या पट्टीवर 'किंमत'ची पहिली वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन बसली होती. स्क्रीनवर लहान आकारात हे नजरेतून सुटतं. म्हणून छापण्याआधी कागदावर प्रत काढून, जो मराठी वाचतो अशा माणसाकडून मोठ्याने वाचून घ्यायची. फ्लेक्स एकदा छापला की पैसे गेले.

गल्लीच्या तोंडाशी आडवा फ्लेक्स लावायचा विचारही होता. तो सोडला. स्वतःच्या दुकानाच्या पाटीपलीकडे काही टांगायचं तर महापालिकेच्या आकाशचिन्ह व परवाना विभागाचं दार ठोठवावं लागतं, आणि विनापरवाना फ्लेक्स उतरवला गेला की त्यासोबत आपलं यमकही कचऱ्याच्या गाडीत जातं. त्याऐवजी मोबाइलवरच्या स्टेटससाठी वेगळी ओळ केली:

मे महिन्यात गर्दी टाळा,
जूनमध्ये निवांत शाळा

हिचं काम एकच होतं, जूनच्या पहिल्या पंधरवड्यातला लोंढा थोडा मेमध्ये ओढणं. 'टाळा-शाळा' हे यमक जुनं आहे, पण इथे दोन्ही शब्द कामाचे आहेत. एकतीस मेच्या रात्री ती काढून टाकायची, हे आधीच ठरलं होतं. तारखेची ओळ तारखेनंतर राहिली की दुकान झोपलेलं वाटतं.

ओळ चालली की तिचा त्रासही सुरू होतो. जूनच्या पहिल्या शनिवारी लोकांनी 'सकाळी' शब्दाचा आपापला अर्थ लावला. कोणी नऊला यादी दिली, कोणी पाऊणला, आणि सगळ्यांना सात वाजता वह्या हव्या होत्या. एक यादी काढून बांधायला पंधरा ते वीस मिनिटं लागतात, नेमकी कंपनी न मिळाल्यास फोन करण्यात आणखी पाच. दोन माणसं दुपारचे चार तास बसली तर पंचवीस-तीस याद्या होतात. त्या दिवशी त्याहून जास्त आल्या. काहींना रात्री साडेनऊला बोलवावं लागलं, दोघीजणी बोलून गेल्या, आणि त्यांचं बरोबर होतं. पाटीने वेळ कबूल केली होती.

दुसऱ्या दिवशी पाटीखाली छोट्या अक्षरांत एक साधी ओळ आली: 'दुपारी १२ पर्यंत आलेल्या याद्या त्याच दिवशी तयार.' हिला यमक मुद्दाम दिलं नाही. अट गाण्यासारखी वाटली की लोक तिला गंमत समजतात. यादीवर क्रमांक आणि मोबाइल नंबर लिहून अर्धी चिठ्ठी गिऱ्हाइकाला द्यायची, तिसावा क्रमांक झाला की पुढच्याला आधीच 'उद्या' सांगायचं, एवढं केलं आणि गाडी रुळावर आली.

पाटीचा परिणाम मोजायचा तर या दुकानात एक सोपी खूण होती. यादी ठेवून जाणारी माणसं. मागच्या वर्षी ती ओळखीची होती. या वर्षी त्यांत अनोळखी चेहरे बरेच होते, आणि त्यांतले काही काउंटरवर येऊन ओळच म्हणायचे, "ते सकाळी यादी द्या वालं दुकान हेच ना?" माल जास्त खपला त्यात पाटीचा वाटा किती आणि वह्या यादीत परत आल्याचा किती, हे वेगळं काढता येत नाही. पण यादी हातात घेऊन दारात उभं राहून हे वाक्य म्हणणारा माणूस पाटीमुळेच आलेला असतो.

भावाच्या ओळीने वेगळंच काम केलं. 'साधं कव्हर, पांढरं पान' खाली आया थांबायच्या, पोरं पुढच्या फळीवरच्या कार्टूनवाल्या वह्यांकडे ओढायची. बऱ्याचदा सौदा असा मिटायचा की गणिताच्या आणि गृहपाठाच्या वह्या साध्या, आणि एक वही पोराच्या आवडीची.

काउंटरसाठी केलेल्या दोन ओळी उशिरा लागल्या. पहिली लहान मुलांच्या पुड्यावर:

पेन्सिल, पट्टी, खोडरबर,
पुडा एक, एकच दर

हिच्यासाठी पुड्याची किंमत खरंच एक ठेवावी लागते. दोन आकारांचे, दोन भावांचे पुडे ठेवले की ओळ काढावी लागेल. दुसरी वह्या बदलण्याबद्दल होती. दुरेघीच्या जागी चाररेघी गेली, बाईंनी यादीच बदलली, असं जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात रोज होतं:

वही चुकली? बदलून घ्या,
येताना बिल घेऊन या

इथे 'घ्या-या' चालून गेलं, कारण ज्या ओळीत अट आहे तिच्या शेवटी लोकांनी काय करायचं तेच यायला हवं. यातला 'बिल' शब्द मालकांनी आग्रहाने घालून घेतला. आधीच्या मसुद्यात तो नव्हता, आणि एक गृहस्थ अर्धी लिहिलेली वही घेऊन आले होते.

जुलैमध्ये शेजारच्या रस्त्यावरच्या एका दुकानाने 'सकाळी यादी द्या, दुपारी वह्या न्या' अशी पाटी लावली. मालक फणफणत आले, तक्रार करता येईल का म्हणून. एवढ्या छोट्या ओळीवर हक्क सांगणं अवघड असतं, हे सांगितलं. वहिनींनी विचारलं, "दुपारी किती वाजता म्हणतायत ते?" आणि पुढच्या मोसमासाठी आपल्या पाटीखालच्या बाराच्या ठिकाणी एक करता येईल का, तिसरा माणूस परवडेल का, याचा हिशेब सुरू केला.